तीस दिवस, पण कुठून मोजायचे?

मागच्या वर्षी जूनमध्ये अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मीटिंगला गेले होते, बेदाण्याच्या पाच पाकिटांचं डिझाइन, फी 60,000 ठरलेली. सगळं जमलं आणि शेवटी मालक म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे ॲडव्हान्स नसतो, नेट थर्टी चालतं." म्हणजे बिल दिल्यावर तीस दिवसांनी सगळे पैसे. मी हो म्हणणारच होते, कारण काम मोठं होतं आणि तीस दिवस काय, निघून जातात असं वाटलं.

पण पीओचं, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरचं विचारायला अकाउंट्समध्ये गेले, तिथल्या ताई फार चांगल्या होत्या. त्यांना सहज विचारलं, तीस दिवस कधीपासून मोजता? त्या म्हणाल्या, "बिल सिस्टीमला एंट्री झाल्यापासून, आणि एंट्री मार्केटिंगची सही आल्यावर. पेमेंट फक्त 10 तारखेला सुटतं." समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघींनी बोट ठेवून मोजलं. समजा बिल 3 जुलैला दिलं, सही होऊन 12 ला एंट्री, तीस दिवस भरतात 11 ऑगस्टला, म्हणजे 10 ची तारीख एका दिवसाने हुकली, पैसे थेट 10 सप्टेंबरला! बिल दिल्यापासून 69 दिवस, आणि त्याआधीचा कामाचा महिना वेगळाच.

त्यात माझ्या पदरचे जाणार होते ते आधीच. चित्रं काढणाऱ्या मुलीचे 14,000, फॉन्टचं लायसन्स 5,000, डमी प्रिंट 3,000, एकूण 22,000. ती मुलगी माझ्यासाठी सप्टेंबरपर्यंत का थांबेल?

मग परत वर मालकांकडे गेले. ॲडव्हान्स म्हणजे अविश्वास नाही, बाहेर जाणारा पैसा आहे हे तो हिशोब कागदावर मांडूनच सांगितलं, म्हणून 40 टक्के मागितले, 24,000, खर्च निघेल इतकेच. 50 मागायची माझी सवय, पण इथे आकड्याला कारण होतं म्हणून ते पटलं. कन्सेप्ट फायनल झाला की 30 टक्के, उरलेले 30 टक्के बिलाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत. "बिलाच्या तारखेपासून" हे शब्द पीओवर लिहून घेतले, आणि ओपन फाइल्स, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ फाइल्स शेवटचं पेमेंट आल्यावर, तोपर्यंत पीडीएफ.

माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, म्हणजे सरकारदरबारी छोटा उद्योग म्हणून नोंद आहे हेही सांगितलं, 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पेमेंट काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. हे धमकीसारखं वाटू नये म्हणून अगदी शेवटी बोलले. मालकांनी ताईंनाच वर बोलावलं, त्या म्हणाल्या 10 तारखेचं बघते मी, छोटं बिल मध्ये सोडता येतं.

ॲडव्हान्स चौथ्या दिवशी आला. शेवटचे 18,000 बिलाच्या सतराव्या दिवशी, दोन दिवस उशिरा, एका फोननंतर. ओपन फाइल्स त्याच संध्याकाळी पाठवल्या.