रिल्केची ‘डेर पांटर’ मराठी अनुवादातून वाचताना

एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या पेपरसाठी मी जर्मन भाषेतला कवी रिल्के याच्या ‘डेर पांटर’, म्हणजे ‘बिबट्या’, या कवितेवर निबंध लिहिला. पॅरिसच्या ‘जार्दां दे प्लांत’ या उद्यानातल्या पिंजऱ्यात कोंडलेल्या बिबट्यावरची ही बारा ओळींची कविता 1907 सालच्या ‘नोये गेडिश्टे’ या संग्रहात आहे. मला जर्मन येत नाही, आणि माझ्यापुढे होता तो मुक्तछंदातला एक मराठी अनुवाद. विषय मात्र कवीच्या शैलीचा होता. त्यामुळे निबंधातले कोणते विधान रिल्केविषयी आहे आणि कोणते अनुवादकाविषयी, हे प्रत्येक वाक्यापाशी ठरवावे लागले.

पहिल्या वाचनात सर्वांत ठळक वाटला तो दुसऱ्या कडव्यातला ‘ग’चा अनुप्रास : गज, गरगर, गती. बिबट्याच्या गोल गोल फिरण्याला तो नाद फार शोभून दिसतो, आणि ‘कवी अनुप्रासातून गती साधतो’ हे वाक्य सहज लिहून झाले असते. मार्गदर्शक बाईंनी मला मूळ पाठ समोर ठेवायला सांगितला. भाषा येत नसली तरी छापील पानावरून बरेच काही पाहता येते, आणि जर्मन शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून मी कविता दोनदा मोठ्याने वाचून घेतली. त्याच कडव्याच्या पहिल्या ओळीत ‘गेश्मायडिश श्टार्कर श्रिटे’ असे तीन शब्द लागोपाठ येतात. म्हणजे अनुप्रास मुळातही आहे, पण तो ‘श’चा आहे आणि फिरण्यापेक्षा पावलांच्या लवचिक बळाशी जोडलेला आहे. माझे विधान योगायोगाने खरे ठरले असते आणि तरीही त्याचा पुरावा चुकीचा राहिला असता. म्हणून ‘ग’चे श्रेय मी नावानिशी अनुवादाला दिले आणि ‘श’ची नोंद स्वतंत्र वाक्यात केली.

यमक आणि ओळीची लांबी यांबाबत मूळ पानच बोलते. पहिल्या कडव्यात ‘श्टेबे’ला ‘गेबे’ आणि ‘हेल्ट’ला ‘वेल्ट’ असे एकाआड एक यमक आहे, आणि ‘श्टेबे’ म्हणजे गज हा शब्द त्या चार ओळींत तीनदा येतो. यमकातून तोच आवाज चौथ्यांदाही ऐकू येतो. ओळी आलटूनपालटून अकरा आणि दहा अक्षरांच्या आहेत, पण कवितेची शेवटची ओळ आठच अक्षरांची आहे. हृदयात शिरलेली प्रतिमा तिथे नाहीशी होते, आणि ओळही वेळेआधी थांबते. माझ्यापुढच्या अनुवादात याच आशयाच्या दोन सावकाश ओळी झाल्या आहेत. त्यामुळे शेवटच्या संथपणावर मी जे लिहिले ते अनुवादाच्या खात्यावर गेले. मूळ शेवट आखूड आहे एवढेच मी ठामपणे म्हटले. तो जर्मन कानाला कसा लागत असेल, हे मला ठरवता येत नव्हते.

जे अनुवादातून निभावून येते त्यावर मात्र मी निःसंकोच लिहिले. ‘बिबट्या’ हा शब्द शीर्षकाखेरीज कवितेत कुठेही नाही. वाक्यांचे कर्ते क्रमाने त्याची नजर, त्याची चाल, बुबुळावरचा पडदा आणि आत शिरणारी प्रतिमा असे आहेत. प्राणी सबंध असा कुठेच दिसत नाही, तो तुकड्यांतून हलतो, आणि शेवटच्या कडव्यात सगळी हालचाल बाहेरून आत वळते. हा क्रम मी मूळ पाठाशी, शब्दकोशाशी आणि दोन इंग्रजी अनुवादांशी ताडून पाहिला. सगळीकडे तो जुळला, म्हणून हे रिल्केच्या रचनेविषयीचे विधान म्हणून मांडता आले.

ही ताडणी पहिल्याच ओळीपाशी फार उपयोगी पडली. मराठी अनुवादात ये-जा करून बिबट्याची नजर थकते. जर्मनमध्ये गज त्याच्या नजरेसमोरून सरकत जातात आणि नजर थकते ती त्यांच्या सरकण्याने. चालणारा प्राणी आहे, पण ओळीत हलतात ते गज. कोंडलेल्याच्या डोळ्यांतून पाहण्याची ही कवीची रीत या अनुवादात हरवली आहे, आणि माझ्या मते निबंधातला सर्वांत मोलाचा परिच्छेद याच फरकावर उभा राहिला.

शब्दांच्या साधेपणाविषयीचा परिच्छेद मी शेवटी वगळला. मराठी अनुवादाची भाषा रोजच्या बोलण्यातली आहे. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या जर्मन वाचकाला रिल्केचे शब्द रोजचे वाटत होते की जपून निवडलेले, हे शब्दकोश सांगत नाही आणि अनुवादांची तुलनाही सांगत नाही. त्यासाठी त्या काळचे बरेच जर्मन लेखन वाचलेला माणूस हवा. त्या परिच्छेदाच्या जागी मी तळटीप दिली : शब्दकळेविषयीची निरीक्षणे केवळ मराठी पाठापुरती आहेत.