बाबांचं वजन आणि माझं टाइमटेबल

"ताई, घरात आजारी माणूस, हॉस्पिटलच्या चकरा, कधी काय होईल नेम नाही, मग अभ्यासाचं प्लॅनिंग करायचं तरी कसं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण माझ्या घरचं सांगते, कारण तेवढंच मला नीट माहितीये. बाबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ७ ची शिफ्ट, मशीनवर ४ तास. आणि मी सीए इंटरला.

सुरुवातीला मी काय केलं, तर सकाळी ५ ते रात्री १० चं टाइमटेबल करून भिंतीवर चिकटवलं आणि डायलिसिसचे ४ तास "लॉ" असं लिहून टाकलं. दहा दिवसांत ते कोलमडलं. कारण ते ४ तास आपले नसतातच. पहिला पाऊण-एक तास वजन, बीपी, सुया टोचणं, मशीन सुरू होणं यात जातो. शेवटच्या तासात बीपी पडायची भीती, पायात गोळे येतात, बाबा घामाघूम झाले की सिस्टरला हाक मारायची, मग पुस्तक कसलं वाचताय. सुया काढल्यावर हातावर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं ते वेगळंच. मधले साधारण दोन तास बाबा झोपतात, तेवढेच खरे.

त्या दोन तासांतही सगळं होत नाही. स्टुलावर बसून मांडीवर वही घेऊन अकाउंट्सचं मोठं सम सोडवायला गेले की निम्म्यात कुणीतरी हाक मारतं आणि बॅलन्स शीट पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिथे फक्त लॉचं वाचन आणि टॅक्सचे एमसीक्यू, पेपरात ३० मार्क त्यांचेच असतात आणि एक प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. समं घरी, टेबलावर, मंगळवारी नि गुरुवारी.

पण खरा फरक पडला तो वजनाच्या काट्याने. बाबांचं ड्राय वेट ५८ किलो, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना असायला हवं ते वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये जे वाढतं ते जवळजवळ सगळं पाणीच, एक लिटर म्हणजे एक किलो. सकाळी काटा ५९.५ दाखवत असेल तर दीड लिटर काढायचं, बाबा दुपारी जेवून झोपतात आणि मला घरीही दोन तास मिळतात. ६१ च्या वर गेला की ४ तासांत तीन लिटरवर पाणी ओढायचं, बीपी पडायची शक्यता जास्त, घरी आल्यावरही ते दिवसभर गळून पडलेले असतात, चक्कर येते, एकटं सोडता येत नाही. मग त्या दिवशी मी सकाळी ७ लाच ठरवून टाकायचे की आज फक्त एमसीक्यू. आधी अशा दिवशी मी रात्री रडायचे, की आज काहीच झालं नाही, नंतर तो प्रकार थांबला.

शुक्रवार ते सोमवार ही गॅप सगळ्यात मोठी, आणि त्रास होतो तो बहुतेक रविवारी रात्री. धाप लागणं, आडवं झोपता न येणं. ते दिसलं की सोमवारची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. म्हणून रविवार संध्याकाळ मी प्लॅनमधून काढूनच टाकली, काही झालं नाही तर झोपायचं.

एकदा अशाच रविवारी अॅडमिट करावं लागलं आणि चार दिवस पुस्तकाला हात लागला नाही. परत आल्यावर कॅश फ्लोचं ते सम उघडलं तर आपण कुठे होतो तेच आठवेना, म्हणून चॅप्टर पहिल्यापासून धरला आणि अजून तीन दिवस गेले. तेव्हापासून वही बंद करताना, अगदी पळत निघायचं असलं तरी, पेन्सिलीने एक ओळ लिहायची: "पुढे डेप्रिसिएशन अॅड करायचं, मग वर्किंग कॅपिटल." परत बसलं की तिथून सुरू.

दोन्ही ग्रुप एकदम द्यायचा हट्ट सोडला. तीन पेपरांचा पहिला ग्रुपच दिला. मैत्रिणींनी दोन्ही दिले तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पेपर दुपारी २ ते ५. महिनाभर आधी टेक्निशियनदादांना तारखा दाखवल्या, पण शिफ्ट हलवता येईना, म्हणून मामा बसले. मामांना एका कागदावर लिहून दिलं: फिस्टुलाच्या, म्हणजे सुया टोचतात त्या, हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, ड्राय वेट ५८, गोळे आले तर लगेच सिस्टर, सुया काढल्यावर दाबून धरायचं, घाई नाही. टॅक्सचा पेपर देऊन बाहेर आले, फोन चालू केला तर मामांचा मेसेज होता: "आधी ६०.२, नंतर ५८.१. वरणभात खाऊन झोपलेत."