दोन चाकी रोबोची नोंद: पोल जागेवर, तरी भरवसा नाही

या खेपेला रोबोला हात लावला नाही, सगळं काम ऑक्टेव्हवर झालं. निमित्त ऐरोलीच्या मित्राचं. "अरे, फीडबॅकचे पोल डावीकडे, एस्टिमेटरचेही डावीकडे. जोडल्यावर बिघडणार काय?"

त्याचं म्हणणं म्हणजेच सेपरेशन प्रिन्सिपल. फीडबॅकचा गेन K आणि एस्टिमेटरचा गेन L वेगवेगळे काढायचे. जोडल्यावर पोल A-BK आणि A-LC यांचेच राहतात. मात्र त्यासाठी एस्टिमेटरमधलं मॉडेल आणि खरं यंत्र हुबेहूब एक हवं. तेव्हाच अंदाजातली चूक e ही मोटरला जाणाऱ्या आज्ञेपासून, म्हणजे u पासून, अलिप्त राहते. मोटरचा खरा गेन m पट निघाला की `e' = (A-LC)e + (m-1)Bu`. म्हणजे u चुकीत शिरतो आणि चूक फिरून u मध्ये. विभागणी संपली.

किती m चालतो, ते पाहायला जॉन डॉयल यांच्या 1978 च्या शोधनिबंधातलं उदाहरण घेतलं. नुसत्या एलक्यूआरला गेन निम्म्यावर आला किंवा कितीही वाढला तरी स्थिरतेची हमी असते. एस्टिमेटर म्हणून कालमन फिल्टर जोडल्यावर हमी किती, याचं उत्तर त्यांनी सारांशात तीन इंग्रजी शब्दांत उरकलंय: काहीच नाही.

```
f=10; d=10; m=1.02;
A=[1 1;0 1]; B=[0;1]; C=[1 0];
K=f*[1 1]; L=d*[1;1];
eig([A -m*B*K; L*C A-B*K-L*C])
```

m=1 ला पोल -0.127 आणि -7.873, दोन्ही दुहेरी. पोलच्या समीकरणाचं शेवटचं पद `1+(1-m)*f*d` येतं. इथे f*d=100, त्यामुळे m ने 1.01 ओलांडला की ते ऋण होतं. 1.02 ला एक पोल +0.044 वर जातो. गंमत अशी, की त्यामुळे वाढणाऱ्या विचलनाला दुप्पट व्हायला सुमारे 16 सेकंद लागतात. पाच सेकंदांचा आलेख पाहिलात तर सगळं आलबेल वाटेल. म्हणून आलेखावर विसंबू नका, m बदलून `eig` बघा.

आता आपल्या रोबोकडे. तीन सेलची लिपो बॅटरी भरलेली असताना 12.6 व्होल्ट, नेहमीचा आकडा 11.1. ड्रायव्हरला व्होल्टेज भरपाई नसेल तर एवढ्यानेच गेन दहा टक्क्यांहून जास्त हलतो. एक टक्क्याची मुभा घेऊन घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या फरशीवर उतरायचं म्हणजे कठीणच.

K तोच ठेवून L नव्याने काढला. डॉयल यांच्या उदाहरणात प्रक्रियेचा नॉइज [1;1] दिशेने येतो; मी तो B च्या दिशेने, म्हणजे मोटरच्या वाटेनेच येतो असं धरलं आणि तीव्रता 10000 ठेवली. L=[16.2;115.2] आला आणि वरची मर्यादा 1.01 वरून सुमारे 1.6 झाली. पोल पुस्तकी अर्थाने पूर्वीही ठीकच होते, फरक फक्त या मर्यादेत पडला. किंमत अशी, की L चा दुसरा आकडा दहावरून एकशे पंधरावर गेला, त्यामुळे सेन्सरची खरखर सरळ मोटरपर्यंत पोचणार. ही युक्ती उजवीकडे झीरो असलेल्या यंत्राला पूर्ण लागू पडत नाही. आपल्या रोबोत झीरो कुठे बसतात हे कोणत्या सेन्सरवरून मोजतोय त्यावर ठरतं, तेव्हा आधी ते काढतो, मग फरशीवर.