कुठली चटणी?

मे महिन्यात दुपारी तीनला डंकावर बसायची वेळ वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. वर पत्रा, समोर धाडधाड आदळणारे लोखंडी डंक आणि हवेत मिरचीची पूड. डंकवाल्यानं नाकातोंडाला टॉवेल गुंडाळला होता. आम्ही सात-आठ बायका पदर, ओढणी, जे असेल ते नाकाला लावून आळीपाळीनं शिंकत होतो. वर्षाची चटणी आयती विकत मिळते हे मलाही कळतं. पण मिरची आपल्या डोळ्यांदेखत कुटली गेली नाही तर मला रात्री झोप येत नाही. याला खोड म्हणायचं तर म्हणा.

माझ्या पुढच्या नंबरला एक नवी मुलगी होती. हातात पिशवी, अंगावर कडक इस्त्रीचा ड्रेस. म्हणाली, "काका, मला मसाला कुटून हवाय. दोन किलोचा."

डंकवाल्यानं टॉवेल खाली घेतला. "दोन किलो मसाला? हॉटेल हाय का तुमचं?"

"नाही हो, घरचाच."

"घरला दोन किलो मसाला कशाला लागतोय बाई?" असं म्हणत त्यानं पिशवीत डोकावलं. आत लालभडक ब्याडगी, थोडी लवंगी, भाजलेले धणे. "आता! ही तर चटणी की!"

"चटणी नाही हो, मसाला. दोन किलो मिरच्यांची चटणी कोण करतं?"

बाकीच्या आम्ही सगळ्या शिंका विसरून हसायला लागलो. मुलगी रत्नागिरीकडची होती. तिच्याकडं मिरची, धणे आणि बाकीची सामग्री भाजून केलेल्या लाल पुडीला मसाला म्हणतात. आमच्याकडं सोलापुरात मसाला म्हणजे लवंग, दालचिनी, दगडफूल, फार तर काळा मसाला. आणि वर्षभराची जी लाल पूड, मिरची, धणे, खोबरं, कांदा, लसूण, मीठ घालून कुटलेली, ती चटणी. तिखट म्हटलं तरी चालतं. पण आमची आई, आजी, सांगोल्याकडच्या सगळ्या मावश्या चटणीच म्हणतात. "भाजीला चटणी कमी पडली" असं आमच्याकडं रोज कुणीतरी म्हणतं. पुण्याच्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही. त्याला वाटतं, ताटात डावीकडं वाढायची राहिली.

डंकवाल्याचा आणि त्या मुलीचा घोटाळा निदान जागच्या जागी मिटला, कारण दोघांच्या मध्ये पिशवी होती. आमच्या घरात मध्ये पिशवी नव्हती.

वहिनी लग्न होऊन आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. माहेर कोकणातलं. पहिल्याच आठवड्यात आईनं वांग्याचा रस्सा चुलीवर ठेवला आणि देवळात निघताना सांगितलं, "उकळी आली की दोन चमचे चटणी टाक गं." वहिनी "हो आई" म्हणाल्या. आता फळीवर दोन बरण्या. एका चिनी मातीच्या बरणीत वर्षाची चटणी, वर दादरा बांधलेला, ती काही सहज दिसायची नाही. दुसरी काचेची, रोज जेवताना लागणारी, शेंगाची चटणी. त्या आठवड्यात प्रत्येक जेवणाला वहिनींनी तेवढी एकच चटणी पाहिली होती. शिवाय 'चटणी दे' म्हटलं की सासरे तिच्याकडंच बोट करत होते. त्यांनी चांगले दोन भरगच्च चमचे शेंगाची चटणी रश्शात सोडली.

आई आली. झाकण काढलं. रस्सा दाट, पिवळट, वर तेलाचा तवंग, आणि तिखटाचा पत्ता नाही. "का गं, चटणी टाकली नाहीस?"

"टाकली ना."

आईनं चव घेतली, पुन्हा घेतली. वडील मुकाट्यानं जेवले. दाण्याचं कूट आमच्या रश्शात एरवीही पडतंच, त्यामुळं चव काही वाईट नव्हती, पण आळणी. रात्री आई मला हळूच म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पण चटणी कशाला म्हणतात ते ठाऊक नाही बघ." आणि वहिनींनी बऱ्याच वर्षांनी मला सांगितलं की त्या रात्री त्यांनाही वाटलं होतं, 'माणसं चांगली आहेत, पण रश्शात चटणी घालून वर विचारतात चटणी का नाही घातली.'

यात मजा अशी की वहिनींनी विचारलं नाही, आणि त्यांनी विचारायचं काही कारणही नव्हतं. आईनं 'येसूर टाक' म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, येसूर म्हणजे काय हो? अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो. ओळखीचा शब्द आला की मान हलते आणि काम पुढं जातं. बोलींचा अभ्यास करणारे लोक गावोगाव जाऊन वस्तू दाखवतात, चित्र दाखवतात, आणि 'याला तुमच्याकडं काय म्हणता?' असं विचारतात. मुलाला इथं पोरगा, मालवणीत झील, असं छान नकाशावर मांडता येतं. पण दोन गावांत एकच शब्द मिळाला की तिथं एकाच रंगाचे दोन ठिपके पडायचे. त्या दोन ठिपक्यांखाली दोन वेगळ्या बरण्या असतील हे शोधायला उलटा प्रश्न लागतो. चटणी म्हणजे काय, ते दाखवा. आणि तो प्रश्न सासूला विचारायची सोय नसते.

शेंगांचंही तसंच. सोलापुरात शेंगा म्हटलं की भुईमुगाच्या. दुसऱ्या कुठल्या असतील तर नाव घेऊन सांगायचं, शेवग्याच्या, गवारीच्या, चवळीच्या. कोकणातल्या माणसानं नुसतं शेंगा म्हटलं की बहुतेक शेवग्याच्या. आमच्या शेंगा चटणीचं नाव ऐकून वहिनींच्या आईंना वाटलं होतं की आम्ही शेवग्याच्या शेंगा वाटतो. म्हणाल्या, "दोरे नाही का लागत घशाला?" त्यांना मग उखळ दाखवलं. भाजलेले दाणे, लसूण, लाल चटणी (पुन्हा चटणी!), मीठ, जिरं घालून तेल सुटेपर्यंत कुटतात, आणि हाताला गोळा लागला की थांबतात. मिक्सरमध्ये तिचं पीठ होतं, ती चटणी नव्हे. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

मला यात सगळ्यात मौजेचं वाटतं ते वेगळंच. अक्कलकोटच्या बाजारात कानडी बोलणारी बाई बसते, तिला नुसतं 'शेंगा' म्हटलं तरी ती भुईमुगाच्याच पुढं करते. कारण उत्तर कर्नाटकाच्या कानडीतही शेंगा म्हणजे त्याच. म्हणजे या एका शब्दापुरती मी त्या कानडी बाईला जवळची आणि माझ्या मराठी वहिनींना परकी. मुळात भुईमूग आला दक्षिण अमेरिकेतून. तो यायच्या आधी इथल्या माणसानं शेंगा म्हटलं तर काय डोळ्यांपुढं येत असेल, तुरीच्या? हरभऱ्याचे तर घाटे. पण भुईमूग आला, माळावर पसरला, घरोघरी पोत्यांनी येऊन पडला, आणि रोज 'भुईमुगाच्या' म्हणायचा कंटाळा येऊन तो शब्द गळाला. जे दारात जास्त, त्याचं विशेषण आधी गळतं. कोकणात परसात शेवगा उभा असतो, तिथं शेवग्याचं गळालं.

रान हा शब्द तसाच. लहानपणी सुट्टीत सांगोल्याकडं आजोळी गेलं की मामा सकाळी दिसायचे नाहीत. "मामा कुठायत?" "रानात गेलेत." रान म्हणजे शेत. काळं रान, हलकं रान, पेरलेलं रान. शब्द आला अरण्यावरून, पण आमच्या रानात अरण्य म्हणावं असं बांधावरच्या चार बाभळींपलीकडं काही नव्हतं. एकदा शाळेत निबंध होता, 'रानातील एक दिवस'. मी मामांच्या ज्वारीवर लिहिला, गोफण, पाखरं, हुरड्याची आगटी, सगळं. बाई पुण्याकडच्या होत्या. त्यांनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'विषय सोडून लिहिले आहे'. दहापैकी तीन. पूर्वी वेशीबाहेरचं सगळंच रान असणार. मग त्यातलं मोडून, नांगरून शेत झालं आणि नाव तेच राहिलं, एवढं त्या वयात मला सांगता आलं असतं तर कदाचित पाच मिळाले असते.

हे सगळं हसण्यावारी जातं. एक गेलं नाही.

मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, तेव्हा लग्नाचा होता. बागायत, डाळिंबं, शिकलेला. मुंबईकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी आणि तिचे वडील आमच्याकडं सोलापुरात उतरले, चहापोहे झाले, दोघं अर्धा तास गच्चीवर बोलली आणि खाली आली तेव्हा दोघंही हसत होती. मग वडिलांनी सहज विचारलं, घर कुठं आहे तुमचं? तो म्हणाला, "गावात जुना वाडा हाय, पण आम्ही सगळे वस्तीवरच असतो."

वडिलांनी मान हलवली. आम्हीही हलवली.

आमच्याकडं वस्ती म्हणजे रानातलं घर. विहिरीजवळ, गोठ्याशेजारी, चार-पाच खोल्यांचं, पुढं ओटा आणि लिंबाचं झाड. बागायत झाली, राखणीला माणूस हवा, म्हणून लोक गाव सोडून रानात राहायला गेले. वस्त्यांना घराण्यांची नावं पडली, एसटी तिथं थांबायला लागली. वस्तीवर राहतो म्हणणारा माणूस म्हणजे पाणी असलेला माणूस. मुंबईच्या त्या गृहस्थांच्या कानात वस्ती म्हणजे काय, हे आम्हा एकालाही तेव्हा सुचलं नाही. पुढं त्यांचा फोन आला नाही. मामांनी केला तर 'पत्रिका जमत नाही' म्हणाले. ज्यांनी मध्यस्थी केली होती त्यांच्याकडून दोन वर्षांनी कळलं, 'मुलगा चांगला होता हो, पण झोपडपट्टीत कशी द्यायची मुलगी?'

मामेभावाचं नंतर पंढरपूरकडच्या मुलीशी लग्न झालं, दोन मुलं आहेत, सगळं ठीक आहे. डंकावरनं परत येताना त्याचा फोन आला, चटणी झाली का, आमच्यासाठी ठेव थोडी. मी त्याला त्या मुलीची गंमत सांगितली. मग जिभेवर आलंच म्हणून म्हटलं, "तू तेव्हा फार्महाऊस म्हणाला असतास तर?"

पलीकडं जरा वेळ शांत. मागं म्हैस हंबरली.

"फार्महाऊसवर शेरडं बांधतेत का, अक्का?" तो म्हणाला, आणि दर किती लागला ते विचारायला लागला.