केस गळतीची गोळी आणि तीन चुकलेले रिपोर्ट

तिशीतली एक बाई त्वचारोगाच्या ओपीडीत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात रक्ताचे रिपोर्ट तयारच होते. केस तीन-चार महिन्यांपासून गळत होते. भांग रुंद झाला नव्हता, चट्टेही नव्हते, पण सगळ्या डोक्यावरून केस पातळ झाले होते. पन्नासेक केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढली की साधारणपणे चार-पाचच केस हाती यावेत. त्यांचे दहा-बारा आले आणि बहुतेकांच्या टोकाला पांढरा गाठीसारखा ठिपका होता. हे विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन गळणारे केस. शरीरात काहीतरी बिनसलं की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते असे गळायला लागतात, म्हणून कारण मागे जाऊन शोधावं लागतं.

रिपोर्टांत लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 4, ड जीवनसत्त्व 34 आणि थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक टीएसएच 1.1 होतं. म्हणजे लोह संपलेलं आणि बाकी सगळं ठीक. पण थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, मुक्त टी-4, वरच्या मर्यादेच्या थोडं पुढे गेलं होतं. थायरॉइड खरंच जास्त चालत असेल तर टीएसएच खाली दबलेलं दिसतं, इथे ते मध्यावर होतं. शिवाय समोर बसलेल्या बाईंची तक्रार नेमकी उलटी होती. थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, वजन वाढलंय, पाळीत रक्तस्राव जास्त होतो. नाडी 62. हात थरथरत नव्हते.

"गोळ्या काही चालू आहेत का?" असं विचारल्यावर त्या "नाही" म्हणाल्या. केसांसाठी काही घेता का, असं वेगळं विचारलं तेव्हा पर्समधून डबी निघाली. लोक पूरकांना औषध मानत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न वेगळाच विचारावा लागतो. लेबलवर बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व 10,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10 मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅमची. त्या दिवशी सकाळी गोळी घेऊनच त्या रक्त द्यायला गेल्या होत्या.

प्रयोगशाळेतल्या बऱ्याच यंत्रांत तपासणीचे रेणू पकडून ठेवायला बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाविडिन नावाचं प्रथिन ही जोडी वापरतात. रक्तात बायोटिन उतू जात असेल तर एस.टी.तल्या राखीव जागा भलत्यांनीच अडवाव्यात तसं होतं. टीएसएच आणि फेरिटिनच्या पद्धतीत आकडा खोटा कमी येतो, तर मुक्त टी-4 आणि ड जीवनसत्त्वाच्या पद्धतीत खोटा जास्त. म्हणजे केसांसाठी ज्या तीन तपासण्या महत्त्वाच्या, त्या तिन्ही एकाच गोळीने बिघडू शकतात. सगळ्याच यंत्रांवर असं होत नाही, ते पद्धतीवर अवलंबून आहे, म्हणून लॅबला विचारून घ्यावं. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल 2017 मध्येच इशारा दिला होता.

गोळी आठवडाभर बंद करून त्याच लॅबमध्ये रक्त पुन्हा दिलं. एवढ्या मात्रेला किमान दोन-तीन दिवस पुरतात, पण मला शंका ठेवायची नव्हती. यावेळी टीएसएच 12 आलं, मुक्त टी-4 खालच्या मर्यादेच्या खाली आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं वाढलेली. म्हणजे थायरॉइड मंद चालत होतं. फेरिटिन 11, ड जीवनसत्त्व 16. हिमोग्लोबिन 12.1 असल्यामुळे लोहाची कमतरता याआधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. मात्र अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा ते तपासू नये.

थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम पहाटे अनशापोटी, नाश्ता अर्ध्या-एक तासाने. लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी, दिवसाआड एक, लिंबूपाण्यासोबत आणि चहापासून लांब. लोह आणि थायरॉक्सिन एकत्र घेतलं तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. ही वेळ मी चिठ्ठीवर ठळक लिहून देतो, कारण औषध चालू असूनही टीएसएच उतरत नसेल तर गडबड बरेचदा इथेच असते. ड जीवनसत्त्व आठवड्याला 60,000 युनिट, आठ आठवडे आणि मग बंद. केसांशी त्याचा संबंध लोह आणि थायरॉइडइतका पक्का नाही, पण 16 हा आकडा हाडांसाठीही भरून काढायलाच हवा. जास्त पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, नाहीतर भरलेलं लोह तिथूनच वाहून गेलं असतं.

सहा आठवड्यांनी टीएसएच 6 झालं, डोस वाढवला. तिसऱ्या महिन्यात फेरिटिन 29. अजून थोडं हवं, मी 40 च्या पुढे नेतो, म्हणून लोह चालू ठेवलं. केस गळणं चौथ्या महिन्यात उतरलं आणि कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस दिसू लागले. बायोटिन पुन्हा सुरू करू का, असं त्यांनी विचारलं. त्याची कमतरता नसताना ते घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही, तेव्हा नको म्हटलं. पुढच्या टीएसएचला जाताना लॅबमध्ये कोणती गोळी चालू आहे ते सांगायचं, एवढं चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं.