मालकी जाहीर करून घेण्याचा दावा आणि कब्जाचा दावा: माझा अनुभव

वडिलांनी १९९४ साली नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेल्या ४० आर जमिनीवर शेजारच्या खातेदाराने २०११ साली तारेचे कुंपण घालून कब्जा घेतला. वडील गेल्यानंतर, २०१५ साली, मी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यात ‘आम्ही मालक आहोत असे जाहीर व्हावे’ एवढीच मागणी होती. मालकी जाहीर झाली की जमीन आपोआप परत मिळेल, अशी माझी समजूत होती.

प्रतिवादीने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिलीच हरकत स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ३४ ची घेतली. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असताना आणि कब्जा मागणे शक्य असताना वादीने तो मागितला नाही, तर मालकी जाहीर करणारा नुसता जाहीरनामा न्यायालय देत नाही. शिवाय नुसत्या जाहीरनाम्याच्या दाव्याला दावा करण्याचा हक्क प्रथम उद्भवल्यापासून तीनच वर्षांची मुदत आहे आणि आमची चार उलटून गेली होती. मालकीच्या आधारे कब्जा मागितला असता मात्र प्रतिवादीचा कब्जा प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षे मिळतात. नव्या वकिलांनी पुरावा सुरू होण्यापूर्वीच वादपत्र दुरुस्तीचा अर्ज दिला आणि कब्जाची मागणी घालून वाढीव कोर्ट फी भरली. तो अर्ज मंजूर झाला नसता, तर दावा तिथेच संपला असता.

पुढचा भाग मला अधिक अवघड गेला. प्रतिवादी म्हणत होता की मूळ मालकाने ही जमीन त्याच्या आजोबांना तोंडी विकली होती. हे खोटे ठरले की आपण जिंकलो, असे मी धरून चाललो होतो; पण वकिलांनी स्पष्ट सांगितले, “त्यांची बाजू पडली म्हणून तुमची मालकी सिद्ध होत नाही. कब्जा त्यांचा आहे, म्हणून मालक ते नाहीत आणि तुम्ही आहात, हे तुम्हालाच दाखवावे लागेल.” सातबाऱ्यावर आमचेच नाव होते, तरी महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, तिचा उपयोग पूरक पुरावा म्हणूनच झाला.

म्हणून खरेदीखताची मूळ प्रत दाखल करून त्यावर सही केलेल्या साक्षीदाराला उभे केले. उलटतपासात मात्र प्रश्न आला तो विकणाऱ्याच्या हक्काचा: त्याच्याकडे ही जमीन कुठून आली? खरेदीखतात ‘वडिलोपार्जित’ एवढाच शब्द होता. दुय्यम निबंधक कार्यालयातून १९७२ च्या नोंदणीकृत वाटणीपत्राची प्रमाणित नक्कल मिळाली, आणि त्यात हाच गट विकणाऱ्याच्या वाट्याला गेलेला स्पष्ट होता. तो दुवा नसता, तर आमचे खरेदीखत अस्सल असूनही अपुरे पडले असते.

प्रतिवादीने शेवटी प्रतिकूल कब्जाचाही आधार घेतला, म्हणजे खऱ्या मालकाविरुद्ध बारा वर्षे कब्जा असल्याने जमीन आपलीच झाली, असे म्हटले. आमची मालकी सिद्ध झाल्यावर तो सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर गेला, आणि २०११ पूर्वीचा कब्जा त्याला दाखवता आला नाही. न्यायालयाने मालकीचा जाहीरनामा आणि कब्जा, दोन्ही एकाच हुकूमनाम्यात दिले.