नऊपैकी सहा महिने आधीच त्यांचे होते

कंपनीच्या कायदा विभागात मला तेव्हा चार वर्षं झाली होती. नोकरीचे, पुरवठ्याचे, गोपनीयतेचे असे करार ढीगभर लिहिले होते. पण वरिष्ठ माणसाला घरी पाठवतानाचा करार कधी लिहिला नव्हता. दोन विभाग एकत्र होणार होते, दोन प्रमुखांपैकी एकच राहणार होता, आणि अकरा वर्षं काम केलेल्या मॅडमचं पद रद्द होणार होतं. कामाबद्दल तक्रार नव्हती, चौकशी नव्हती. वरून निरोप आला: "नऊ महिन्यांचा पगार देतोय, सगळे दावे सोडून घ्या आणि मोकळं करा."

मी जुना नमुना काढला आणि दोन दिवसांत सात पानी मसुदा तयार केला. दावे सोडण्याचं कलम तर इतकं ऐसपैस झालं होतं की मलाच कौतुक वाटलं: ज्ञात, अज्ञात, आजवरचे, यापुढचे, कंपनीविरुद्ध, संचालकांविरुद्ध, कुठल्याही स्वरूपाचे. तो मॅडमच्या वकिलांकडे गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. समासात पहिलीच टीप होती: "या नऊ महिन्यांपैकी आधीच देय किती?"

मी हिशेब मांडायला बसले. नेमणूकपत्राप्रमाणे नोटिशीचा काळ तीन महिने, म्हणजे तीन महिन्यांचा पगार कंपनीला तसाही द्यायचाच होता. गेल्या वर्षाचा बोनस जाहीर झालेला, पण दिलेला नव्हता. तो दोन महिन्यांच्या पगाराएवढा. शिल्लक रजेचे पैसे साधारण एका महिन्याचे. तीन, दोन, एक झाले सहा. म्हणजे दावे सोडण्याच्या बदल्यात कंपनी खरोखर नवीन काय देत होती, तर तीन महिने. जे देणं आहेच, ते देऊन समोरच्याकडून काही विकत घेता येत नाही. त्यांनी सही केली असती आणि पुढे वाद झाला असता, तर "मोबदला काय मिळाला?" या प्रश्नावर आमची बाजू लंगडी पडली असती. त्याहून वाईट म्हणजे सही केली नाही तर बोनसही मिळणार नाही, असा माझ्या मसुद्याचा अर्थ निघत होता. तो सरळसरळ दबाव ठरला असता.

मग मी दोन परिशिष्टं केली. पहिल्यात सही करा किंवा करू नका, मिळणारच ती रक्कम: नोटिशीचा पगार, बोनस, रजेचे पैसे, खर्चाची थकलेली बिलं. दुसऱ्यात फक्त दावे सोडल्यावर मिळणारी जादा रक्कम. दुसऱ्या परिशिष्टातला "तीन" हा आकडा कागदावर एकटा उभा राहिल्यावर व्यवस्थापनालाही तो अकरा वर्षांपुढे फार लहान वाटला. बोलणी होऊन तो पाचावर आला. माझ्या मते तो आकडा उघडा पडला हेच बरं झालं. सगळं एका रकमेत गुंडाळलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते वाटणं बरोबर असतं.

"यापुढचे" हा शब्द वकिलांनी खोडलाच होता. जो दावा अजून जन्मालाच आला नाही तो आज सोडून देता येत नाही. सहीच्या दिवसापर्यंत जे घडलं त्याबद्दलचेच दावे सुटतात. इथे माझ्या लक्षात आणखी एक भोक आलं. सही आत्ता होणार होती, पण मॅडमचा शेवटचा दिवस सहा आठवड्यांनी होता आणि नोटिशीचा उरलेला पगार रोख द्यायचा होता. मधल्या सहा आठवड्यांत काही घडलं तर? म्हणून करारासोबत एक पानाचं पुष्टीपत्र जोडलं. त्यावर शेवटच्या दिवसानंतरच सही करायची आणि पाचपैकी एक महिना पहिल्या सहीवर, चार महिने दुसऱ्या सहीवर द्यायचे. घाईत कोणी दोन्ही कागदांवर एकदमच सह्या घेऊन ठेवतं. मग त्या दुसऱ्या कागदाला काहीच अर्थ राहत नाही.

विचार करायला किती दिवस द्यायचे यावर आमच्यातच वाद झाला. विक्री प्रमुखांचं म्हणणं, तीन दिवस पुष्कळ झाले. अमेरिकेत चाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाने वयावरून भेदभाव झाल्याचा दावा सोडायचा असेल, तर कायद्याने २१ दिवस द्यावे लागतात, अनेकांची एकत्र कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. ब्रिटनमध्ये स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय नोकरीच्या कायद्यातले बहुतेक दावे अशा कराराने सुटतच नाहीत. आमच्यावर यातलं काही बंधनकारक नव्हतं, तरी मी २१ आणि ७ हेच आकडे घातले आणि मॅडमच्या वकिलांची फी कंपनी भरेल असंही लिहिलं. विचारपूर्वक, सल्ला घेऊन सही केली याचा पुरावा नंतर तयार करता येत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटच्या पानावर होती. तिथे नेहमीचं कलम होतं: "या करारामुळे उभयपक्षांतील आधीचे सर्व करार रद्द होतात." प्रत्येक करारात असतं, म्हणून डोळे झाकून ठेवलेलं. मॅडमनीच ते पकडलं. समोरासमोरच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मी तुमच्या उपकंपनीवर संचालक होते. शेकडो कागदांवर माझ्या सह्या आहेत. उद्या कोणी त्यावरून मला कोर्टात खेचलं, तर कंपनी माझा खर्च उचलेल असं पत्र मला दिलंय. ते यात गेलं ना?"

गेलं होतं. दावे सोडण्याच्या कलमानेही गेलं होतं आणि या कलमानेही. त्यांच्या हक्काचे झालेले शेअर्सही त्याच दारातून बाहेर पडत होते. गंमत अशी की त्याच वाक्याने कंपनीचंही नुकसान होत होतं, कारण गोपनीयतेचा आणि केलेल्या कामाच्या मालकीचा जुना करारही रद्द होत होता. म्हणजे कंपनीचं नुकसान करणारं वाक्य कंपनीच्याच वकिलाने लिहिलं होतं. माझ्या साहेबांनी ते वाचून फक्त चष्मा काढला.

त्या संध्याकाळी मी अपवादांचा परिच्छेद लिहिला. कायद्याने सोडताच येत नाहीत असे हक्क, सरकारी यंत्रणेकडे तक्रार करण्याचा हक्क, हक्काचे झालेले शेअर्स, संचालक म्हणून मिळालेलं संरक्षणाचं पत्र आणि त्यामागचा विमा, आणि याच कराराचा भंग झाला तर करायचा दावा: हे सगळं दाव्यांच्या माफीबाहेर. चालू राहणारे जुने करार तारखेनिशी लिहिले. मॅडमनी कंपनीनेही त्यांच्याविरुद्धचे दावे सोडावेत असं मागितलं. ते मान्य झालं, पण सहीच्या दिवशी कंपनीला माहीत असलेल्या गोष्टींपुरतं, आणि फसवणूक वगळून.

एक ओळ राहिली होती. मी मसुद्यात "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा" लिहिलं होतं, सभ्य दिसावं म्हणून. त्यांच्या शेअर योजनेत राजीनामा देणाऱ्याचे न मिळालेले शेअर्स बुडतात आणि पद रद्द झालेल्याला त्यातला काही भाग मिळतो, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी स्वतः पेनने ते खोडून वर लिहिलं: "पद रद्द झाल्यामुळे, परस्पर संमतीने." शिफारसपत्रात आणि अंतर्गत घोषणेतही तेच शब्द राहतील, म्हणून दोन्हींचा मजकूर कराराला जोडला.

पहिली सही विसाव्या दिवशी झाली. शेवटच्या दिवसानंतर दोन दिवसांनी पुष्टीपत्रावर दुसरी. आठव्या दिवशी सकाळी मी हिशेब विभागाला चार महिन्यांची रक्कम सोडायला सांगितलं.